चार्जरने दिलेला शब्द

जुन्या यूएसबी चार्जरच्या आयताकृती खाचेत चार पट्ट्या असतात. दोन विजेसाठी आणि दोन डेटासाठी, डी-प्लस आणि डी-मायनस. भिंतीवरच्या चार्जरकडे पाठवायला डेटा नसतोच, म्हणून त्या दोन पट्ट्या ताकद सांगायला वापरल्या गेल्या. ॲपलच्या 1 अँपियरच्या चार्जरमध्ये डी-प्लसवर सुमारे 2 व्होल्ट आणि डी-मायनसवर 2.7 व्होल्ट असतात, तर आयपॅडच्या 2.1 अँपियरच्या चार्जरमध्ये हेच आकडे उलटे. हे घडवायला चिप लागत नाही. पाच व्होल्ट आणि जमीन यांच्यामध्ये 75 आणि 49.9 किलोओहमचे दोन रेझिस्टर जोडले की मधल्या सांध्यावर 2 व्होल्ट मिळतात. वरचा रेझिस्टर 43.2 किलोओहमचा केला की जवळजवळ 2.7. फोन दोन्ही व्होल्टेज मोजतो आणि किती करंट ओढायचा याची मर्यादा ठरवतो.

यावर आक्षेप असा की हे निव्वळ सांगणे आहे, त्यात पुरावा कुठे? तो खराच आहे. 1 अँपियरचा चार्जर बनवणाऱ्याने डेटाच्या दोन जोडण्यांची अदलाबदल केली, तर तो 2.1 अँपियरचा दावा करू लागतो आणि फोनला ते कळायला मार्ग नसतो. मग फोनने करंट हळूहळू वाढवत न्यावा आणि व्होल्टेज घसरले की थांबावे, एवढे पुरेसे नाही का? अनेक फोन हे करतातही, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. लांब, बारीक केबलमुळे चार्जर धडधाकट असतानाही फोनपाशी व्होल्टेज घसरते. उलट, संरक्षण नसलेला स्वस्त चार्जर व्होल्टेज टिकवून धरतो आणि आतून तापत जातो. घसरण फोनला सावरते, पण चार्जर किती भार सहन करू शकेल हे चार्जरनेच सांगायला हवे. म्हणून रेझिस्टरचा हा शब्द मला अपुरा वाटतो, अनावश्यक मात्र वाटत नाही.

त्याची खरी उणीव वेगळी आहे: प्रत्येक कंपनीची खूण निराळी. सॅमसंगच्या काही चार्जरमध्ये दोन्ही तारांवर 1.2 व्होल्ट असत. खूण न ओळखणारा फोन सहसा 500 मिलिअँपियर किंवा त्याहून कमी करंटवर समाधान मानतो. 2010च्या बॅटरी चार्जिंग 1.2 या प्रमाणात डी-प्लस आणि डी-मायनस आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. फोन एका तारेवर सुमारे 0.6 व्होल्ट देतो, दुसरीवर तेच दिसले की समोर चार्जर आहे असे मानतो आणि 1.5 अँपियरपर्यंत ओढू शकतो. सर्वांना कळेल अशी खूण मिळाली, पण नेमका आकडा गेला. माझ्या मते हा सौदा योग्यच होता, कारण नेमक्या आकड्याची ती भाषा एकाच कंपनीच्या फोनला कळत होती. आणि या दोन्ही पद्धतींना डेटाच्या तारा हव्यातच. फक्त विजेच्या दोन तारा असलेली केबल लावली, तर उत्तम चार्जरही मुका राहतो आणि फोन संथ चार्ज होतो. चार्जर तोच ठेवून डेटाच्या तारा असलेली केबल लावल्यावर वेग वाढला, तर दोष केबलचा होता हे स्पष्ट होते.