ऐकणाऱ्याजवळचे ‘ते’

स्पॅनिश भाषेत दर्शक सर्वनामे तीन आहेत : एस्ते, एसे आणि आकेल. मराठीत दोन आहेत : हा आणि तो. दोन्ही भाषांत ही सर्वनामे नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. ‘हा-ही’ जसे, तसेच एस्ते-एस्ता, एसे-एसा, आकेल-आकेया. स्पॅनिशमध्ये एस्तो, एसो, आकेयो अशी नपुंसक रूपेही आहेत; पण त्या भाषेत नपुंसकलिंगी नामे नसल्यामुळे ही रूपे नामाआधी येत नाहीत. नाव न घेता एखादी वस्तू दाखवायची असेल किंवा एखाद्या विधानाकडे निर्देश करायचा असेल, तेव्हाच ती वापरली जातात. स्थळ सांगणारी क्रियाविशेषणेही साधारणपणे या तिघांच्या जोडीने चालतात : आकी, आ-ई, आयी. मराठीचे काम इथे ‘इथे’ आणि ‘तिथे’ यांवर भागते.

एस्ते म्हणजे जवळचा, एसे म्हणजे मधल्या अंतरावरचा आणि आकेल म्हणजे दूरचा, असे या तिघांचे वर्णन सहसा केले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे, आणि एसेच्या बाबतीत तर दिशाभूल करणारे आहे. एसेचे मूळ ठिकाण दोन टोकांच्या मध्ये नसून ऐकणाऱ्याच्या जवळ आहे.

माद्रिदच्या बाजारातले फळांचे दुकान घेतले, तर हे नीट दिसते. गिऱ्हाईक आणि विक्रेता समोरासमोर उभे आहेत. एक खरबूज गिऱ्हाइकाच्या पुढ्यात आहे, दुसरे विक्रेत्याच्या हाताशी आहे, तिसरे दोघांपासून लांब, भिंतीलगतच्या फळीवर आहे. गिऱ्हाईक त्यांना अनुक्रमे एस्ते, एसे आणि आकेल म्हणेल. विक्रेता बोलू लागला की पहिल्या दोघांची अदलाबदल होते : स्वतःच्या हाताशी असलेले त्याला एस्ते आणि गिऱ्हाइकापुढचे एसे. तिसरे मात्र दोघांनाही आकेलच. मग गिऱ्हाईक पलीकडे जाऊन विक्रेत्याच्या शेजारी उभे राहिले आणि दोघे एकाच दिशेने पाहू लागले, तर ऐकणाऱ्याची वेगळी बाजू उरतच नाही. तेव्हाच ‘जवळचे, त्यापुढचे, लांबचे’ ही अंतराची मांडणी लागू पडते. म्हणजे तीन शब्द तेच राहतात, पण ते कशाच्या आधारे मोजायचे, हे बोलणारे एकमेकांसमोर उभे आहेत की शेजारी, यावर ठरते.

याच दुकानात मराठी गिऱ्हाईक पहिल्या खरबुजाला ‘हे’ म्हणेल आणि उरलेल्या दोघांना ‘ते’. विक्रेत्याने चुकीचे उचलले, तर ‘ते नाही हो, ते मागचं’ असे सांगावे लागेल. मराठी तिसरी पायरी सर्वनामात ठेवत नाही. ती ‘मागचं’, ‘पलीकडचं’, ‘तुमच्या हातातलं’ अशा शब्दांनी, बोट दाखवून, किंवा ‘तेऽऽ तिकडचं’ असा स्वर लांबवून उभी करते. ऐकणाऱ्याची बाजू दाखवायचीच असेल, तर ती सरळ त्याच्या नावाने दाखवली जाते. फोनवर विचारताना मराठी माणूस ‘तुमच्याकडे पाऊस आहे का?’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये तेवढ्यासाठी आ-ई पुरते, कारण ‘तू आहेस तिथे’ हा अर्थ त्या शब्दातच आहे. जुन्या स्पॅनिश पत्रव्यवहारात हीच गोष्ट आणखी ठळक दिसते. पत्र लिहिणारा स्वतःच्या गावाला नुसते एस्ता म्हणत असे आणि ज्याला पत्र जायचे त्याच्या गावाला एसा. ‘आठ दिवसांत एसाला पोचतो’ म्हणजे तुमच्या गावी पोचतो. ते गाव किती कोसांवर आहे, याचा इथे संबंधच नाही.

मराठी भाषकाची खरी गडबड होते ती वस्तू ऐकणाऱ्याच्या अंगावर किंवा हातात असते तेव्हा. समोरच्याच्या मुठीत काही दिसले की मराठीत सहज ‘हे काय आहे तुझ्या हातात?’ असे विचारले जाते. ‘तुझ्या कपाळाला हे काय लागलंय?’ यातही ‘हे’च येते, कारण वस्तू जवळ आहे आणि डोळ्यांसमोर आहे. स्पॅनिश माणूस इथे एसो वापरतो : ‘के एस एसो के त्येनेस एन ला मानो?’ अंतर हातभर असले तरी वस्तू ‘तुझ्या’ बाजूची आहे. मराठीच्या सवयीने इथे एस्तो म्हटले, तर ऐकणारा बोलणाऱ्याच्या हाताकडे पाहू लागतो, आणि घोटाळा तिथेच कळतो. स्पर्शाने मात्र हा नियम मागे पडतो. डॉक्टर रुग्णाचा गुडघा लांबून दाखवतील तर एसा म्हणतील. त्यावर बोट टेकवून विचारतील तर एस्ता, मग गुडघा कोणाचाही असो.

दुसरी चूक उलट बाजूने होते. ‘तो’ म्हणजे दूरचा, आणि दूरचा म्हणजे आकेल, असे समीकरण मांडून शिकणारा प्रत्येक ‘तो’साठी आकेल वापरतो. प्रत्यक्षात रोजच्या बोलण्यातल्या बहुतेक ‘तो’, ‘ते’ यांच्या जागी एसेच बसतो. ‘ते ठीक आहे, पण…’, ‘तेच म्हणतोय मी’ यांतले ‘ते’ समोरच्याच्या बोलण्याकडे बोट दाखवते, आणि स्पॅनिशमध्ये तिथे एसो येते. आकेल त्यामानाने जड आहे. तो बोलणाऱ्या दोघांच्याही आवाक्याबाहेरचे दाखवतो : डोंगरापलीकडचे घर, किंवा सरून गेलेला काळ. मराठीतल्या ‘त्या काळी’ला मात्र आकेलची रूपे चपखल बसतात.

या व्यवस्थेचा इतिहासही रंजक आहे. लॅटिनमध्ये हिक माझ्याजवळचा, इस्ते तुझ्याजवळचा आणि इल्ले दूरचा होता. बोलीतून हिक नाहीसा झाला आणि इस्ते सरकून माझ्याजवळ आला. तोच आजचा एस्ते. रिकाम्या झालेल्या ‘तुझ्याजवळच्या’ जागेवर ‘स्वतः’ या अर्थाचा इप्से आला आणि एसे झाला. इल्ले झिजून उपपद व तृतीयपुरुषी सर्वनाम बनला, तर त्याला पुढे ‘हा पाहा’ अशा अर्थाचा शब्द जोडून आकेल घडला. शब्द बदलले, पण तीन जागा टिकल्या. मराठीचा प्रवास उलट झाला. संस्कृत परंपरेत इदम् जवळच्यासाठी, एतद् अगदी जवळच्यासाठी, अदस् दूरच्यासाठी आणि तद् नजरेआडच्यासाठी, अशी चार जागांची वाटणी सांगितली जाते. मराठीपर्यंत पोचताना दोनच जागा उरल्या, आणि तद्‌च्या वंशातल्या ‘तो’वर दूरचे दाखवणे, आधी उल्लेखलेले सांगणे आणि तृतीयपुरुषी सर्वनाम होणे, ही सगळी कामे पडली. शिवाय ‘जो’ची जोडी सांभाळणारा ‘तो’ही हाच. संस्कृतातल्या वाटणीत ऐकणाऱ्यासाठी राखीव जागा नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

लिखाणात स्पॅनिशला तिसऱ्या शब्दाचा आणखी एक उपयोग होतो. ‘ह्वान आणि पेद्रो आले, एस्तेने पाव आणला, आकेलने वाइन’ अशा वाक्यात एस्ते म्हणजे शेवटी उल्लेखलेला पेद्रो आणि आकेल म्हणजे आधीचा ह्वान. इथे अंतर मोजले जाते ते वाक्यातल्या जागेवरून. मराठीत ‘याने’ आणि ‘त्याने’ लिहून ही वाटणी वाचकाला उलगडत नाही. ‘पहिल्याने’, ‘दुसऱ्याने’ म्हणावे लागते किंवा नावे पुन्हा घ्यावी लागतात.

लॅटिनच्या सगळ्या वारसांनी तीन जागा राखल्या नाहीत. पोर्तुगीजमध्ये त्या आहेत, पण ब्राझीलच्या बोलण्यात पहिल्या दोन एकमेकींत मिसळल्या आहेत. प्रमाण इटालियन आज दोनांवर चालते. ऐकणाऱ्याजवळचा कोदेस्तो हा शब्द बोलण्यात मुख्यतः तोस्काना प्रांतात उरला आहे. लॅटिन अमेरिकेच्या अनेक भागांत, स्पॅनिशच्या रोजच्या बोलण्यात, आकेलची जागा एसे घेत चालला आहे. तिथे डोंगरापलीकडचे घरही एसा होते, आणि आकेल उरतो तो लिखाणात आणि आठवणी सांगताना. ज्या एसेचे मूळ काम ऐकणाऱ्याची बाजू दाखवणे होते, तोच या प्रदेशांत ‘माझ्याजवळ नसलेले सगळे’ दाखवू लागला आहे, म्हणजे जवळपास मराठी ‘तो’ जे करतो तेच.