एकवीस की बावीस?

शाळेच्या पुस्तकात वर्षातला सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबर असतो, भिंतीवरच्या कॅलेंडरात तो कधी २१ला दिसतो, आणि नागपूरच्या माणसाचा मुलगा लंडनमध्ये असेल तर दोघांच्या फोनवर कधीकधी दोन वेगळ्या तारखा निघतात. यात कोणाचीच चूक नसते. दक्षिणायन संपते ते एका दिवशी नव्हे, एका क्षणी. सूर्य दक्षिणेकडे जायचा थांबतो तो क्षण सगळ्या पृथ्वीला एकच. त्याला तारीख चिकटते ती मात्र ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणे. २०२६चा तो क्षण लंडनला २१ डिसेंबरच्या रात्री ८ वाजून ५० मिनिटांनी येतो. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून २ वाजून २० मिनिटे झालेली असतात, म्हणजे २२ डिसेंबर.

हा क्षण आपला आपल्याला शोधता येतो का? पहिला विचार सुचतो तो सावलीचा. नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. एक मीटरची काठी ओळंबा लावून गच्चीवर अगदी उभी रोवली, तर डिसेंबरात सूर्य सर्वांत दक्षिणेला असताना तिची माध्यान्हीची सावली ९८.६ सेंटिमीटर पडते. माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला ७९.१ अंशांवर, त्यामुळे सूर्य इथल्या डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर सरासरीने १२ वाजून १४ मिनिटांनी येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो दोनेक मिनिटे आधी येतो, सप्टेंबरात १२ वाजून ६ मिनिटांनाच, तर मार्चच्या विषुवदिनाला १२ वाजून २१ मिनिटांनी.

ज्या दिवशी सावली सर्वांत लांब तोच दिवस धरावा, हे ऐकायला सोपे आहे, पण करायला गेले की फसते. अयनाच्या आसपास सूर्याचे उत्तर-दक्षिण सरकणे जवळजवळ थांबलेले असते. २१ डिसेंबरच्या आणि २२च्या सावलीत फरक पडतो तो एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. पाच दिवस मागे-पुढे झाले तरी फरक जेमतेम तीन मिलिमीटर. आणि सूर्य हा काही ठिपका नाही, त्याची तबकडी अर्ध्या अंशाची आहे, म्हणून सावलीचे टोक धारदार नसतेच. या लांबीला ते जवळजवळ दोन सेंटिमीटर पुसट असते. दोन सेंटिमीटरच्या धुक्यात एक दशांश मिलिमीटर शोधायचा. काठी दुप्पट उंच केली तर धूकही दुप्पट होते.

यावरची युक्ती फार जुनी आहे आणि मला ती सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. जिथे सावली थांबलेली आहे तिथे मोजूच नये. ती जिथे भराभर बदलते तिथे, महिनाभर आधी आणि महिनाभर नंतर मोजावी, आणि दोन सारख्या सावल्यांचा मध्य काढावा. २०२४चे उदाहरण गणिताने करून पाहू. २१ नोव्हेंबरला नागपुरात माध्यान्हीला, घड्याळात १२ वाजताच, सावली साडेसत्त्याऐंशी सेंटिमीटरची येते आणि रोज सहा-सात मिलिमीटरने वाढत असते. तेवढा फरक साध्या पट्टीने कळतो. मग सावली लांबत जाते, थबकते, आखडू लागते. २० जानेवारीच्या माध्यान्हीला ती नोव्हेंबरातल्या त्या सावलीपेक्षा सुमारे ०.७ मिलिमीटर लांब असते, २१ला सहा मिलिमीटर आखूड. म्हणजे बरोबरी झाली ती २०च्या माध्यान्हीनंतर थोड्या वेळाने. प्रमाण लावले तर दुपारी २ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास. आता २१ नोव्हेंबरची ती वेळ आणि २० जानेवारीची ही वेळ यांचा मध्य काढला की २१ डिसेंबर, दुपारी १ वाजून २५ मिनिटे येतात. खरा क्षण होता २१ डिसेंबर, दुपारी २ वाजून ५१ मिनिटे. एका काठीच्या मानाने हे काही वाईट नाही.

राहिलेला दीड तास काठीचा दोष नव्हे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि थोडी वेगाने धावते, म्हणून अयनानंतरचा महिना आधीच्या महिन्यापेक्षा किंचित लवकर सरतो आणि मध्य अलीकडे ओढला जातो. माणसाच्या हातून दोन मिलिमीटरची चूक झाली तर त्यात आणखी साडेतीन-चार तासांची भर पडेल. २०२४मध्ये क्षण भर दुपारचा, त्यामुळे एवढे पोटात घेऊनही तारीख बरोबर निघते. २०२६ला मात्र क्षण मध्यरात्रीनंतर सव्वादोन तासांनी आहे. त्या वर्षी गच्चीवरची काठी बिनदिक्कत २१ सांगू शकेल आणि तारीख हुकू शकेल.

जूनमधल्या अयनाचे नागपुरात वेगळेच त्रांगडे आहे. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य डोक्यावरून पलीकडे जातो आणि जुलैच्या मध्यानंतर परत येतो. मधल्या काळात माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते आणि २१ जूनला मीटरभर काठीची फक्त चार सेंटिमीटर उरते. दोन्ही बाजूंच्या सारख्या सावल्या धरायला मे आणि जुलै लागतील, आणि जुलैत इथे आकाश कोण दाखवणार? विषुवदिन त्या मानाने सरळ. मार्चमध्ये सावली रोज आठ मिलिमीटरने घटते, आणि ती ३८.७ सेंटिमीटरवरून जाते तो संपाताचा क्षण. जुने ज्योतिषी बारा अंगुळांचा शंकू वापरत. त्याची विषुवदिनाची सावली म्हणजे त्या गावाची पलभा. नागपूरची पलभा ४ अंगुळे ३९ व्यंगुळे येते. अडचण एवढीच, की हा आकडा आधी ठाऊक हवा. दिवस-रात्र नेमकी सारखी कधी होते ते पाहून संपात ठरवू म्हणाल, तर हवा सूर्यकिरण वाकवते आणि सूर्याची वरची कड दिसली की आपण उदय मानतो, म्हणून ती बरोबरी नागपुरात पाच-सहा दिवस आधीच होऊन जाते.

आता तारीख सरकते का? डिसेंबरचाच क्षण भारतीय वेळेत ओळीने पाहू. २०२४ला २१ तारखेला दुपारी २:५१. २०२५ला २१लाच, रात्री ८:३३. २०२६ला २२ची पहाट, २:२०. २०२७ला २२ची सकाळ, ८:१२. आणि २०२८ला पुन्हा २१, दुपारी १:५०. दर वर्षी क्षण पावणेसहा तासांच्या आसपास पुढे जातो, कारण ऋतूंचे वर्ष ३६५ दिवस, ५ तास आणि ४९ मिनिटांच्या जवळपासचे आहे आणि कॅलेंडरला तुकड्यात दिवस छापता येत नाही. थकबाकी साठत जाते, मध्यरात्र ओलांडली की तारीख बदलते, आणि २९ फेब्रुवारीला सगळी बाकी एकदम वळती होते. अंतरे मिनिटाबरहुकूम सारखी नाहीत, पाच तासांवर ३८पासून ५२ मिनिटांपर्यंत मागे-पुढे होतात, कारण चंद्र पृथ्वीला थोडे इकडेतिकडे झुलवतो आणि इतर ग्रहही आपली ओढ लावतात. म्हणूनच पंचांगकर्त्याला एका वर्षाच्या क्षणात ठरावीक आकडा मिळवून पुढचा क्षण काढता येत नाही. दर वर्षी सूर्याचे स्थान नव्याने मांडावे लागते.

लीप वर्षाने वळती होते तीही थोडी जास्तच. चार वर्षांची बाकी सव्वातेवीस तास, आणि कापले जातात चोवीस. त्यामुळे दर चार वर्षांनी क्षण सरासरी पाऊण तास मागे जातो. शतकाअखेरचे वर्ष लीप न धरून ग्रेगरीच्या कॅलेंडरात ही भरपाई होते, पण २००० हे चारशेने भागले जाणारे वर्ष असल्याने ते लीपच राहिले. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभापासून सगळे क्षण मागे-मागेच सरकत आहेत. १९०३चा वसंतसंपात आजच्या भारतीय वेळेने २२ मार्चच्या मध्यरात्रीनंतर पाऊण तासाने पडतो. २०९६चा येईल १९ मार्चच्या संध्याकाळी. २१०० लीप नाही, तेव्हा हे घसरणे थांबून क्षण एकदम दिवसभराने पुढे येतील.

हा प्रश्न एकदा सरकारदरबारी सोडवला गेला, आणि त्या टेबलावर नागपूरचा माणूस होता. १९५२मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली, तिच्या सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते. समितीने गणितासाठी ८२.५ अंश रेखांश धरला आणि वर्षारंभ संपाताच्या दुसऱ्या दिवशी ठेवला. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी, शके १८७९च्या १ चैत्राला सुरू झाली. त्या वर्षी संपात २१ मार्चला झाला होता, सगळे जुळले. पण १ चैत्र दर वर्षी नव्याने संपात पाहून ठरत नाही. तो २२ मार्चला बांधलेला आहे, लीप वर्षी २१ला. २०२५चा संपात २० मार्चला दुपारी अडीचला झाला, आणि १ चैत्र आला २२लाच. काही जाणकारांना ही तडजोड खुपते. मला ती समंजस वाटते. ज्या दिनदर्शिकेचा पहिला दिवस मध्यरात्रीच्या दहा मिनिटे अलीकडे-पलीकडे हेलकावत राहील, तिच्यावर कोणी कचेरी चालवू शकत नाही. आणि तसे होते: २०२५चा शरदसंपात आपल्याकडे २२ सप्टेंबरला रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी होता.

मराठी घरात हा वाद होतो तो मात्र संक्रांतीवरून. २०२४ला संक्रांत १५ जानेवारीची, २०२५ आणि २०२६ला १४ची. कारण तेच, साठणारी थकबाकी. २०२४ला सूर्य मकर राशीत गेला १५च्या पहाटे २:५४ला, २०२५ला १४च्या सकाळी ९:०३ला, २०२६ला १४च्या दुपारी ३:१३ला. पण इथे वर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले, ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटांचे. ही बाकी चार वर्षांत चोवीस तासांहून ३७ मिनिटे जास्त भरते, म्हणजे लीप वर्ष कापूनही संक्रांत पुढे जात राहते, तर खरे उत्तरायण मागे. कोणे एके काळी दोन्ही एकाच दिवशी होते. त्याला आता सुमारे सतराशे वर्षे झाली. संक्रांतीचा क्षण सूर्यास्तानंतर आला तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात, त्यामुळे तिथे तारीख ठरवायला मध्यरात्रीबरोबर गावच्या सूर्यास्ताचीही गाठ असते. सध्या खरे उत्तरायण आणि संक्रांत यांच्या क्षणांत जवळजवळ चोवीस दिवसांचे अंतर आहे, आणि दर एकाहत्तर वर्षांनी त्यात एका दिवसाची भर पडते.