अंतर

आक्काची नात पुण्याला शिकते. दिवाळीत गावी आली तेव्हा तिच्या मोबाईलवर एक व्हिडिओ अर्धवट तयार होता. जन्मापासून मरणापर्यंत आपल्याकडे जे जे विधी करतात, ते सगळे आठ मिनिटांत. एका विधीला एक वाक्य. "आबा, तुम्ही फक्त ऐका आणि चुकलं तिथं थांबवा," म्हणाली. मी ओट्यावर बसलो, आक्का शेजारी शेंगा फोडत बसली आणि पोरीनं व्हिडिओ लावला.

पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी पाटाजवळ ठेवतात. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर असतं. लग्नात नवरीच्या मागं मामा उभा राहतो, भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि नवरदेवाचा कान पिळतो. सगळं बरोबर होतं. मी कुठंच थांबवलं नाही. ऐकता ऐकता एक मात्र ध्यानात आलं. आपल्या विधींत देव कमी आणि नाती जास्त आहेत. कुणी कुठं उभं राहायचं, कुणाच्या मांडीवर बसायचं, पाठीत धपाटे कुणी खायचे, हे ठरलेलं. माझ्या दोन्ही पोरांची नावं आक्कानंच त्यांच्या कानात सांगितली होती. बायकांनी तिच्या पाठीत असे दणके घातले की दोन दिवस पाठ शेकत होती.

मग व्हिडिओत दहावा आला. नदीचा घाट, केळीच्या पानावर पिंड आणि पोरीचा आवाज: "दहाव्या दिवशी कावळा पिंडाला शिवला, की मृत व्यक्तीची इच्छा पूर्ण झाली असं मानतात."

आक्काचे हात थांबले. मान खाली ठेवूनच ती म्हणाली, "इच्छा कुणाची, ते नाही सांगितलंस बाई."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. "आबा, चुकलं का?"

चुकलं नव्हतं. म्हणून तर मला बोलता येईना.

आमचे अण्णा २०११ साली गेले, वैशाखात. आई आधीच गेलेली. मागं आम्ही तिघं: आक्का सगळ्यांत थोरली, मग मी, मग धाकटा. जमीन सहा एकर, विहिरीवरची. अग्नी मी दिला. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या घेतल्या, दर फेरीला मागून चुलत्यानं दगडानं मडक्याला भोक पाडलं आणि शेवटी ते मागच्या मागं टाकून फोडलं. तो दगड टाकत नाहीत. त्याला अश्मा म्हणतात, आमच्याकडची जुनी माणसं जीवखडा म्हणायची. पुढचे दहा दिवस तो दगडच आपला बाप. त्याच्यावर पाणी घालायचं, त्याच्यापुढं पिंड द्यायचा. तिसऱ्या दिवशी राख सावडली. दहाव्याला सकाळी भीमेच्या काठी सगळं गाव, पाहुणे, भावकी जमली. आम्ही दोघा भावांनी डोकी भादरली.

पिंड ठेवले तेव्हा नऊ वाजले असतील. भाताचे पिंड, शेजारी अण्णांना आवडायचं ते: भाकरी, खरडा, कपभर चहा, विडीचं बंडल. सगळे मागं सरकले. कावळे पलीकडच्या बाभळीवर होते, पण एकही खाली येईना.

आता इतक्या वर्षांनी मला त्याची साधी कारणंही दिसतात. त्याच दिवशी घाटावर आणखी दोन दहावे होते, कावळ्यांची पोटं भरलेली. वैशाखात त्यांची घरटी असतात, ते पिल्लांपासून लांब जात नाहीत. ऊन चढलं की तेही सावली धरतात. आणि माणसं मागं सरकली म्हणजे किती, तर दहा पावलं. कावळा भित्रा नाही, सावध आहे. गर्दी तीस-चाळीस पावलं लांब गेली, पाठ फिरवून बसली, की तो येतो. हल्ली तर काठीला मोबाईल लावून पिंडाचं चित्रीकरण करतात आणि वर म्हणतात, कावळा का शिवत नाही.

पण त्या दिवशी हे कुणाच्या डोक्यात नव्हतं, माझ्याही नाही. डोक्यात एकच, अण्णांचं काहीतरी राहिलंय. मग सुरू झालं. धाकटा पुढं होऊन म्हणाला, "अण्णा, विहिरीचं कर्ज फेडतो." कावळा हलला नाही. मी म्हणालो, "मळ्यातला आंबा तोडणार नाही." नाही. चुलते म्हणाले, "नातवाचं लगीन धुमधडाक्यात करू." काही नाही. साडेदहा झाले. लोक चुळबुळ करायला लागले. गुरुजींनी दर्भाचा कावळा वळून तयार ठेवला होता. खरा कावळा नाहीच आला, तर दर्भाचा पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो. त्यात कमीपणा नाही, शास्त्रात सोय आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढं लागेल.

तेवढ्यात एक म्हातारी वरच्या पारावरून ओरडली. बायका तिथं बसल्या होत्या. "लेकीचं बोला रे कुणीतरी! त्याचा जीव लेकीत होता."

मी पुढं झालो. हात जोडले. मोठ्यानं बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "अण्णा, आक्काला अंतर देणार नाही."

आणि मागं वळलो, सगळेच वळले, जरा लांब गेलो. कावळा आला. पहिल्यांदा भाकरीवर, मग पिंडावर. वर पारावर आक्का पदर तोंडाला लावून रडत होती. जीवखडा नदीत सोडला. माणसं मोकळी झाली.

पुढचा भाग कुठल्याच व्हिडिओत नसतो, कारण तो विधी नाही. पण गावात तो जवळजवळ ठरलेला असतो. तेराव्यानंतर महिन्याभरात तलाठ्याकडं वारस नोंदीचा अर्ज, वारसांत तिघांची नावं, फेरफार, नोटीस, मग सातबाऱ्यावर तिघं. २००५ च्या कायद्यानं लेकीचा हिस्सा लेकाइतकाच. सहा एकरात दोन-दोन-दोन. हे आम्हाला माहीत होतं, भावकीला माहीत होतं, तलाठ्यालाही. आणि सगळ्यांनाच हेही माहीत होतं की आता हक्कसोड होणार.

२०१२ च्या जानेवारीत आक्काला मी स्वतः गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिनं अंगठा लावला, फोटो निघाला, बाहेर येऊन आम्ही तिघांनी मिसळ खाल्ली. मी तिला भारीतली साडी घेतली. दोन-दोन-दोनचे तीन-तीन झाले. जाताना ती एवढंच म्हणाली, "माहेर राहू दे रे बाबा." यात तक्रार नव्हती. घाबरलेली होती. दोन एकर मागितले तर भाऊ जातील, आणि भाऊ गेले तर जावळाला मामा कोण, लग्नात लाह्या कोण घालणार, अशी ती भीती. सगळ्या विधींत तिला जी जागा होती, तीच जागा गहाण ठेवून आम्ही तिच्याकडून सही घेतली, असं आज मला वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा वाटलं, रीत आहे.

माझ्या मनात तेव्हापासून एक वकील बसलाय. तो म्हणतो, तू कुठं जमीन देईन म्हणालास? अंतर देणार नाही म्हणालास. आणि दिलं का अंतर? दर दिवाळीला साडी, पंचमीला मूळ, तिच्या थोरल्याच्या लग्नाला पन्नास हजार, तिचा मालक आजारी पडला तेव्हा महिनाभर दवाखान्यात तूच. हे सगळं खरं आहे. पण मग मी त्या वकिलाला विचारतो, विहिरीचं कर्ज फेडतो असं धाकटा म्हणाला, ते आकड्यानिशी फेडलं. आंबा म्हटलं, तो अजून उभा आहे. बाकीची वचनं मोजता येण्यासारखी होती. नेमकं बहिणीच्या वचनाला मी न मोजता येणारा शब्द का वापरला? "अण्णा, आक्काला दोन एकर देतो" हे माझ्या तोंडात का आलं नाही? आलं असतं तर धाकट्यानं तिथंच माझा हात धरला असता, हे मला बोलताना आतून ठाऊक होतं. शब्द मऊ निवडला तो विचार करूनच. क्षणभराचा का होईना, पण विचार करून.

वकील म्हणतो, बरं, पण उन्हात, भुकेल्या लोकांसमोर, दबावाखाली दिलेलं वचन बांधत नाही. इथं मला तो दर्भाचा कावळा आठवतो. गुरुजींच्या हातात सुटका तयार होती. मी गप्प बसलो असतो तरी अण्णांचं दहावं पुरं झालं असतं. म्हणजे माझ्याकडून कुणी काही वदवून घेतलं नाही.

मग वचन दिलं कुणाला? अण्णा तर गेले होते. ते ऐकत होते का, हे मला आजही सांगता येत नाही आणि त्यावर मी वाद घालणार नाही. कावळा भुकेला होता. पण वर पारावर बसलेली बाई ऐकत होती, जिवंत होती आणि तिनं ते खरं मानलं. ज्याला सांगितलं तो माफ करू शकत नाही, म्हणून मेलेल्याला दिलेलं वचन जड, असं आपण म्हणतो. माझ्या बाबतीत माफ करणारी शेजारी शेंगा फोडत बसली होती आणि तेरा-चौदा वर्षांत मी तिला विचारलं नव्हतं.

पोरीनं व्हिडिओ बंद केला होता. मी म्हणालो, "वाक्य बरोबर आहे. राहू दे तसंच." ती आत गेल्यावर आक्काला म्हणालो, "माझ्या तीन एकरातला एक तुझा आहे. धाकट्याचं मी सांगू शकत नाही."

तिनं सुपातला कचरा पाखडला. म्हणाली, "आता काय करू घेऊन? पोरं भांडतील." जरा वेळानं म्हणाली, "पण बोललास ते बरं केलंस. तुझ्या दहाव्याला मी असले तर कावळ्याला काय सांगायचं, याचीच मला काळजी होती."

गेल्या महिन्यात वकिलांना भेटलो, मनातल्या नव्हे, तालुक्याच्या. हक्कसोड मागं फिरत नाही, नव्यानं बक्षीसपत्र करावं लागेल म्हणाले, आणि वडिलोपार्जित असल्यानं माझ्या दोन्ही मुलांची संमती घ्या. थोरला हो म्हणाला. धाकट्याला मी अजून सांगितलेलं नाही. त्याचं नावही आक्कानंच ठेवलंय.