‘नेतृत्वाचा अनुभव कमी’ या शेऱ्याला उत्तर

‘तांत्रिक बाजू भक्कम आहे, पण नेतृत्वाचा अनुभव कमी वाटला.’ नकाराच्या मेलमध्ये हे वाक्य वाचलं की तासाभरात मनात दोन उत्तरं तयार होतात. एकात आपण कुठे कुठे पुढाकार घेतला याची लांबलचक यादी असते. दुसऱ्यात ‘कळवल्याबद्दल धन्यवाद’ एवढंच असतं, आणि त्या तुटक दोन शब्दांत सगळा राग मावलेला असतो. ही दोन्ही उत्तरं पाठवू नयेत. पण गप्प बसणंही मला पटत नाही, कारण या शेऱ्याला एक चांगलं उत्तर असतं.

मी स्वतः मुलाखतीच्या पॅनेलवर बसतो. उमेदवार बाहेर गेला की प्रत्येकजण एका तक्त्यात गुण भरतो. तांत्रिक ज्ञान, संवाद, नेतृत्व असे त्यात रकाने असतात आणि खाली शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा. तिथे जे घाईने खरडलेलं असतं, त्यातून एचआर एक सभ्य वाक्य तयार करून पाठवतं. म्हणजे मूळ म्हणणं इतकंच असतं की या मुलाखतीत, या रकान्यात लिहावं असं आमच्या कानावर पुरेसं आलं नाही. त्यात रकानाही मोठा गोंधळाचा. हाताखाली माणसं असणं, त्यांच्या शिफ्ट आणि रजा लावणं, अप्रेझल करणं, नवी माणसं निवडणं, चुकणाऱ्याला समोर बसवून बोलणं, आणि ज्यांच्यावर आपला कसलाच अधिकार नाही अशा दुसऱ्या खात्यांकडून काम करून घेणं, हे सगळं एकाच शब्दाखाली जातं. यातलं नेमकं काय कमी पडलं, हे त्या मेलमधून कळत नाही.

माझ्या ओळखीची एक क्वालिटी इंजिनिअर चाकणमधल्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम करते. दुसऱ्या एका कंपनीत विभागप्रमुखाच्या जागेसाठी तिने मुलाखत दिली आणि हाच शेरा आला. तिच्या गाठीशी एक मोठं प्रकरण होतं. ग्राहकाकडून तक्रार आली होती की एका भागाचा बोअर मापाबाहेर जातोय. अशा तक्रारीवर वाहन उद्योगात एट-डी पद्धतीने काम चालतं. फोर्डने १९८७ मध्ये ती लिखित स्वरूपात आणली. तिची पहिली पायरी वेगवेगळ्या खात्यांतल्या माणसांचा गट बांधण्याची, आणि शेवटची त्या गटाच्या कामाची दखल घेण्याची. मधल्या पायऱ्यांत गोदामातला माल अडवणं, मूळ कारण शोधणं, कायमचा उपाय बसवणं येतं.

हा गट तिने चालवला होता. डिस्पॅच तोंडावर असताना प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला मशीन थांबवायला आणि तयार मालाची शंभर टक्के तपासणी करायला तिने राजी केलं होतं. टूलरूम आणि मेंटेनन्स एकमेकांकडे बोट दाखवत होते, त्यांना एका टेबलाशी आणलं होतं. पण मुलाखतीत तिने सांगितलं काय? फिशबोन आकृती, टूलची झीज, मोजमापाची वारंवारता. पॅनेलला बोअरची गोष्ट कळली, माणसांची कळली नाही. आणि हेही खरं की तिच्या हाताखाली कागदोपत्री एकही माणूस नव्हता. अप्रेझल तिने कधी केलेलं नव्हतं.

म्हणजे तो शेरा निम्मा बरोबर होता आणि निम्मा अपुऱ्या माहितीवर उभा होता. उत्तर लिहिताना हे दोन भाग वेगळे करणं हेच खरं काम. तिने एक दिवस जाऊ दिला आणि मग मेल लिहिला. मराठीत मांडायचा तर तो असा होता:

‘निर्णय आणि त्यामागचं कारण स्पष्टपणे कळवलंत, आभारी आहे. थेट रिपोर्टिंग आणि अप्रेझलचा अनुभव मला अजून नाही, त्यामुळे पॅनेलचं निरीक्षण मला समजतं. ग्राहकाच्या एका तक्रारीवर चार खात्यांच्या गटाचं काम मी चालवलं होतं. मुलाखतीत मी त्याची तांत्रिक बाजूच सांगितली, म्हणून नोंदीसाठी इथे लिहिते आहे. एकच विचारायचं होतं. या जागेसाठी पॅनेलला प्रामुख्याने काय हवं होतं, थेट रिपोर्टिंगचा अनुभव की खात्यांपलीकडे काम करून घेण्याचा? पुढची तयारी त्या दिशेने करता येईल. निवड झालेल्या उमेदवाराला आणि तुमच्या विभागाला शुभेच्छा.’

या मेलमध्ये ‘पुनर्विचार करावा’ असं कुठेही नाही. ते असतं तर चार खात्यांचं वाक्य दावा ठरलं असतं. ते नाही म्हणून ती माहिती ठरते. ‘तुमच्या लक्षात आलं नाही’ असंही ती म्हणत नाही. ‘मी तांत्रिक बाजूच सांगितली’ म्हणते, आणि घडलंही तसंच होतं. प्रश्न एकच आहे आणि त्याचं उत्तर एचआरला एका ओळीत देता येतं. पाच प्रश्न विचारले की मेल ‘नंतर बघू’मध्ये पडतो, आणि ते नंतर येत नाही.

रुसवा ओळखणं मात्र अवघड जातं, कारण तो नम्रतेचा वेश घेतो. ‘तुमचं अगदी बरोबर आहे, मी या पदाच्या लायकीची नाही’ असं लिहिणारा माणूस खरं तर समोरच्याने ‘नाही हो, तसं नाही’ म्हणावं याची वाट पाहत असतो. शिवाय ते खोटं असतं. जेवढं कमी आहे तेवढंच मान्य करावं, त्याहून इंचभरही जास्त नाही.

एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. जिथे काम करतो ती कंपनी माणसं हाताखाली देत नाही, आणि जिथे जायचं आहे ती कंपनी तोच अनुभव मागते. या पेचात गुणी माणसं वर्षानुवर्षं अडकतात, त्यातही बायका जास्त. त्याचा राग येणं चुकीचं नाही. पण त्याचा जाब आपल्या सध्याच्या साहेबांना विचारायचा असतो. नकार कळवणाऱ्या एचआरच्या हातात त्यातलं काहीच नसतं.

कधी कधी हा शेरा निव्वळ पडदा असतो. जागा आतल्या माणसाला द्यायची ठरलेली असते, किंवा पगार जुळत नसतो. पक्कं कळायला मार्ग नाही, पण एक खूण आहे. मुलाखतीत माणसांबद्दल एकही प्रश्न आला नसेल, तर तो शेरा फार मनावर घेऊ नये आणि त्यावरून करिअरची दिशा तर अजिबात बदलू नये. उत्तर तरीही पाठवावं. आपल्याकडे नोटीस पिरियड दोन-तीन महिन्यांचे असतात, आणि ऑफर स्वीकारलेला उमेदवार ऐनवेळी येत नाही असं बऱ्याचदा घडतं. तेव्हा एचआर जुनी यादी काढतं.

त्या क्वालिटी इंजिनिअरला एका ओळीचं उत्तर आलं: इन्स्पेक्टरांची शिफ्ट आणि अप्रेझल सांभाळलेला माणूस हवा होता. ती ओळ घेऊन ती आपल्या साहेबांकडे गेली. ‘मला नेतृत्वाची संधी द्या’ म्हटलं असतं तर ‘बघू’ असं उत्तर मिळालं असतं. तिने दुसऱ्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरांचं वेळापत्रक, त्यांचा स्किल मॅट्रिक्स आणि अप्रेझलचा पहिला मसुदा मागितला. पहिल्या दोन गोष्टी पूर्ण मिळाल्या, तिसरी अर्धी. अप्रेझलचा मसुदा ती करते, त्यावर बोलायला इन्स्पेक्टरसोबत बसते, सही मात्र अजून साहेबांची असते. पुढच्या मुलाखतीत हे सगळं, सहीसकट, जसं आहे तसं सांगायचं तिने ठरवलं आहे.