कॅमेऱ्यासमोरची साक्ष

नोकरभरतीसाठी कंपन्या हल्ली स्वतःची फिल्म बनवून घेतात. दोन-तीन मिनिटांत चकाचक शॉपफ्लोअर, हसरे चेहरे आणि ‘आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत’ हे ठरलेलं वाक्य. आयटीआय झालेला एखादा मुलगा ती मोबाइलवर पाहतो आणि गाव सोडून चाकणला खोली भाड्याने घेतो. त्याच्या आयुष्याची एक-दोन वर्षं त्या फिल्मच्या भरवशावर जातात. म्हणून तिच्यात काय दाखवायचं, हा मला जाहिरातीपेक्षा सचोटीचा प्रश्न वाटतो.

खरं सांगितलं तर माणसं येणारच नाहीत, ही कंपन्यांची भीती असते. अमेरिकेतले अभ्यासक जॉन वॅनस यांनी 1973 साली ती तपासून पाहिली. टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागणाऱ्या काही मुलींना त्यांनी नेहमीची गोडगोड फिल्म दाखवली आणि काहींना कामातला कंटाळा, कडक देखरेखही दाखवणारी. खरी फिल्म पाहिलेल्या मुलींनी नोकरी जास्त नाकारली नाही. उलट रुजू झाल्यावर नोकरी सोडण्याचा विचार त्यांच्या मनात कमी आला.

खरेपणाची सुरुवात प्रश्नापासून होते. समजा, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागातल्या एका ताईंना बोलतं करायचं आहे. ‘कंपनीबद्दल काय आवडतं?’ असं विचारलं की कौतुकाशिवाय दुसरं उत्तर येणारच नाही, कारण प्रश्नातच कौतुक मागितलेलं आहे. त्याऐवजी विचारावं, ‘मागच्या वेळी रात्रपाळी लागली तेव्हा घरचं कसं जमवलंत?’ मग त्या सांगतील, ‘पाळी बदलली की पहिले दोन दिवस झोपच लागत नाही. पण पाळीचा तक्ता महिनाभर आधी लागतो, त्यामुळे सासूबाईंना मुलांसाठी बोलावून घेता येतं.’ या उत्तरात त्रास आहे, सोय आहे आणि नव्या माणसाला उपयोगी पडणारी माहितीही आहे.

आता हे उत्तर एडिटिंगच्या टेबलावर येतं. पहिलं वाक्य कापून दुसरं ठेवणं अगदी सोपं असतं. ताई खोटं बोललेल्या नसतात, तरी फिल्म खोटी होते. म्हणून स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावं, की त्रास आणि त्यावरचा उपाय एकाच सलग शॉटमध्ये राहतील. तयार झालेली फिल्म बोलणाऱ्या माणसाला आधी दाखवावी आणि त्याने ‘माझा भाग काढा’ म्हटल्यास कारण न विचारता काढावा.

मुलाखतीच्या वेळी समोर सुपरवायझर किंवा एचआरचा माणूस उभा असेल, तर हे सगळं व्यर्थ आहे. ज्याच्या हातात पगारवाढ आहे त्याच्या देखत कोणी मन मोकळं करत नाही. प्रश्न बाहेरच्या माणसाने विचारावेत आणि बोलायला नकार कोणी दिला ते साहेबांपर्यंत जाऊ नये. कंत्राटी कामगाराची आणि ट्रेनीची अडचण याहून मोठी. त्याला नाही म्हणणं परवडतच नाही. त्याच्याकडून कंपनीविषयी मत मागू नये. फार तर त्याने आपलं काम कसं करतो ते दाखवावं. शिवाय भरती कायम जागांची आहे की कंत्राटी, हे फिल्ममध्ये स्पष्ट यायला हवं. कायम कामगाराचे अनुभव ऐकवून कंत्राटी जागा भरणं ही सरळ फसवणूक आहे.

दृश्यांनाही हाच न्याय लागू आहे. नवे कोरे हेल्मेट घालून ऑफिसातली माणसं मशीनपुढे उभी केली, की कामगाराला ते क्षणात कळतं. खऱ्या हातमोज्यांना तेलाचे डाग असतात. अशा देखाव्यापेक्षा पाळी बदलतानाची पंचिंगची रांग, नेहमीच्या दिवशीचं कॅन्टीन, बसथांब्यावरची गर्दी टिपावी. चित्रीकरणाची सूचना आदल्या दिवशी द्यावी, म्हणजे ज्याला यायचं नाही तो बाजूला होऊ शकतो. शॉपफ्लोअरच्या दृश्यांवर फक्त संगीत न चढवता थोडा वेळ मशीनचा आवाज राहू द्यावा. मुलाखत मात्र शांत खोलीत घ्यावी, नाहीतर शब्द कळत नाहीत आणि मग डबिंगचा मोह होतो.

एवढं करूनही फिल्म पूर्ण सत्य सांगणार नाही. फिल्ममध्ये कोणाला घ्यायचं हे शेवटी कंपनीच ठरवते. पण एक कसोटी तिच्या हातात आहे. जे वाक्य दाखवायला संकोच वाटतो, त्याची आधी यादी करावी. ‘पहिले दोन दिवस झोपच लागत नाही’ हे लपवावंसं वाटत असेल, तर फिल्मचा खर्च थांबवून आधी पाळ्यांची घडी नीट बसवावी.