फोटोत नसलेलं

पहिल्या वाढदिवसाला पडद्यावर फोटो सरकतात आणि आई-बाबांनी बाळाला लिहिलेलं पत्र ऐकू येतं. एक फोटो पाच-सहा सेकंद राहतो. तेवढ्यात निवांतपणे दहा-बारा शब्दच बोलता येतात. म्हणून जे दिसतंच आहे, ते पत्रात सांगू नये.

बोरन्हाणाचा फोटो घ्या. अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून पडणारे चुरमुरे. ‘हे तुझं बोरन्हाण’ म्हटलं की शब्द वाया गेले. आईने म्हणावं, ‘मुकुटातला हलवा चाटलास, आजी खुदकन हसली.’ लगेच बाबांनी, ‘तुझ्या डोळ्यांवर आडवा धरलेला हात माझा.’ फोटोत त्यांचा फक्त पंजाच आलेला असतो ना!

सगळं पत्र दोघांनी एका सुरात वाचू नये, शाळेतली प्रार्थना वाटते. ‘आम्ही’ तापाच्या रात्रीसाठी राखावं. त्या रात्रीचा फोटो कुणी काढलेला नसतो. तिथे पडदा क्षणभर कोरा ठेवून नुसता आवाज ऐकू द्यावा: ‘आम्ही दोघं आळीपाळीने तुला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत फिरत होतो, बाळा.’ त्यानंतर खुशाल केकचा फोटो यावा. पाहुण्यांनाही भूक लागलेली असते.