हुडकोतला यू

माझी नात नागपुरात पाचवीत शिकते आणि मी भिलाईच्या हुडकोत राहते. तिच्या शिष्यवृत्तीच्या तयारीतली बुद्धिमत्ता चाचणी माझ्या वाट्याला आली, तीही व्हिडिओ कॉलवर. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं आणि एका वेळी एकच प्रश्नप्रकार, एवढंच ठरलेलं. वेळ लांबली की ती विचार सोडून पर्यायांवर बोट फिरवू लागते, मग मी फोन ठेवते.

आरशातील प्रतिमेत ती अडखळत होती. ‘डावं ते उजवं’ पाठ होतं, एकटं अक्षरही बरोबर यायचं, पण शब्द आला की अक्षरांचा क्रम तसाच राहायचा. मग मी तिला कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘हुडको’ लिहून फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलं. अशा वेळी तिच्या पडद्यावरच्या छोट्या चौकटीत अक्षरं आरशासारखी दिसतात, मला मात्र सरळ. ‘‘आजी, तुला काय दिसतंय?’’ यातच पहिली पाच मिनिटं गेली. एच, यू, ओ जसेच्या तसे राहिले, डी आणि सी यांनी तोंड फिरवलं आणि शेवटचा ओ पहिला झाला. नंतर तिने छोटा आरसा शब्दाच्या खालच्या कडेला उभा धरला. ही पाण्यातील प्रतिमा. इथे क्रम बदलला नाही, उलटा झाला तो एकटा यू. दोन्ही प्रतिमांतला फरक एकाच शब्दात सापडला, याचं श्रेय आमच्या वसाहतीच्या नावाला.

पुढचा खेळ तिला जास्त आवडला: माझ्यासाठी प्रश्न काढायचा. एक उत्तर बरोबर, तीन फसवी. तिने एका पर्यायात अक्षरं फिरवली पण क्रम तसाच ठेवला, दुसऱ्यात क्रम उलटला पण डी सरळ सोडला, तिसऱ्यात पाण्यातली प्रतिमा दडवली. पेपर काढणारेही साधारण असेच सापळे लावतात. बरोबर उत्तर नशिबानेही येतं. म्हणून मी तिला उरलेले तीन का चूक हे विचारते. तिथे ती गप्प झाली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार.

शेवटी आरसा बाजूला ठेवून तीन-चार छापील प्रश्न. कागद पालथा करून उजेडाकडे धरला की आरशातली प्रतिमा दिसते, ही युक्ती तिने स्वतःच शोधली. दोन्ही बाजूंना छपाई असली की सगळा गिचमिडकाला होतो, हेही लगेच कळलं.

घड्याळावरून तिच्या आईचं आणि माझं थोडं वाजतं. एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. आईला पहिल्या दिवसापासून वेळ लावायची असते. मी म्हणते, तीन पर्याय कारण सांगून खोडता येईपर्यंत नको; घाईत मूल आकृती न बघता सवयीने उत्तर देतं. आरशाचा प्रकार आता घड्याळावर गेलाय. पाण्याचा अजून नाही, कारण ‘हुडको’ सोडून दुसरा शब्द दिला की ती थांबते.